पणतीच्या उजेडातला निळ्याचा दुष्काळ

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात, तेव्हा पायऱ्यांवर पणत्यांच्या बरोबरीने कॅमेऱ्यांचीही दाटी असते. ओळींचे, प्रतिबिंबांचे फोटो सगळेच काढतात. खरी चढाओढ असते ती चेहऱ्यासाठी. खाली वाकून वात सारखी करणारी एखादी आजी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ, आणि हनुवटीखालून वर चढणारा तांबूस उजेड. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन तोच संगणकावर मोठा केला की आजींच्या गालावर लाल, हिरवे, जांभळे ठिपके उसळलेले असतात आणि त्यांच्या बरोबरीने रवाळ दाणेही. मग ते घालवायची घाई होते, स्लायडर उजवीकडे सरकतो, ठिपके जातात, दाणेही जातात. उरते ती मेणाची आजी: डोळे आणि पापण्या धारदार, मधला गाल मात्र साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी उजेडाचा हिशेब मांडावा लागतो. चार-पाच पणत्या हातभर अंतरावर असतील, तर चेहऱ्यावर जेमतेम दहा-पंधरा लक्स उजेड पडतो. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात असतो. दहा लक्समध्ये छिद्र f/2 इतकं उघडं ठेवलं आणि हात हलू नये म्हणून शटर 1/125 सेकंदावर ठेवलं, तर नीट उजळ फोटोसाठी आयएसओ 12800 च्या आसपास न्यावा लागतो. म्हणजे आयएसओ 100 ला सेन्सरवर जेवढा प्रकाश पडला असता, त्याचा एकशे अठ्ठाविसावा हिस्सा. आयएसओ वाढवल्यामुळे दाणे येतात असं सर्रास म्हटलं जातं, पण दोष आयएसओचा नसतो. तो फक्त आलेला तुटपुंजा संकेत मोठा करून दाखवतो. दाणे येतात ते उजेडच कमी असल्यामुळे.

प्रकाश सलग धारेने येत नाही, कणाकणाने येतो, आणि कोणत्या पिक्सेलवर किती कण पडतील याला काही शिस्त नसते. ही बेशिस्त मोजता येते: सरासरी जितके कण, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. एखाद्या पिक्सेलवर 10,000 कण पडले तर शंभराचा फरक, म्हणजे एक टक्का. तो डोळ्याला दिसतही नाही. तिथेच 100 कण पडले तर फरक दहाचा, म्हणजे दहा टक्के. आणि 9 कण पडले तर तीनाचा. सरळ एक तृतीयांश. शेजारशेजारच्या दोन पिक्सेलवर खरं तर सारखाच रंग, पण एक उजळ उमटतो आणि दुसरा काळपट.

हे 9 कण उदाहरणापुरते घेतले असले तरी हवेतले नाहीत. पणतीच्या उजेडात निळ्या रंगाची अवस्था साधारण अशीच असते. ज्योतीचं रंगतापमान 1900 केल्विनच्या आसपास असतं. तिच्यात लाल भरपूर, हिरवा बेताचा आणि निळा नावापुरता. हा झाला पहिला तोटा. दुसरा तोटा त्वचेचा. त्वचेतलं मेलॅनिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन, दोन्ही निळा प्रकाश शोषून घेतात. सावळ्या चेहऱ्यावरून परतणारा निळा लालच्या मानाने फारच थोडा असतो. तिसरा तोटा सेन्सरच्या रचनेत आहे. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी जी रंगजाळी शोधली आणि जिचं पेटंट 1976 मध्ये मिळालं, तीच थोड्याफार फरकाने आज बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिच्यात निम्मे पिक्सेल हिरवा टिपतात, चतुर्थांश लाल आणि चतुर्थांश निळा. बाकीचे रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे एका निळ्या पिक्सेलची चूक त्याच्यापुरती राहत नाही, आजूबाजूला पसरते आणि तिचा रंगीत डाग होतो.

एवढ्यावर भागत नाही. फोटोतला पिवळेपणा काढायला व्हाइट बॅलन्स थंड केला की सॉफ्टवेअर काय करतं? निळ्याचे आकडे दोन-तीन पटींनी, ज्योतीच्या उजेडात त्याहूनही जास्त, वाढवतं. संकेत वाढतो तशी त्यातली चूकही वाढते. गालावर जे जांभळे-निळे ठिपके दिसतात, ते बहुतांशी या भूक लागलेल्या, मग जबरदस्तीने फुगवलेल्या निळ्याचे असतात. खात्री करायची असेल तर फोटोशॉपमध्ये Channels हे पॅनेल उघडून तिन्ही रंग एकेक करून पाहावेत. लाल स्वच्छ, जवळजवळ गुळगुळीत. हिरवा रवाळ पण वाचता येण्याजोगा. आणि निळ्यात चेहरा शोधावा लागतो.

इथेच एक दिलाशाची गोष्ट आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडाची जाण होते त्यात निळ्याचा वाटा अगदी थोडा. टीव्ही आणि संगणकाच्या पडद्यांसाठी जे प्रमाण वापरतात, त्यात उजेडातला हिरव्याचा वाटा सुमारे 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा अवघा 7 टक्के. शिवाय बारीक तपशील आपण उजेडाच्या फरकावरून ओळखतो, रंगाच्या फरकावरून नाही. जेपीईजी फाइलसुद्धा याच सवलतीवर चालते; ती रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाव्याने साठवते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. याचा अर्थ, सगळ्यात घाणेरडा आवाज ज्या वाहिनीत आहे तिचा चेहऱ्याच्या तपशिलाशी जवळजवळ संबंध नाही. रंगाचे ठिपके कडकपणे पुसले तरी सुरकुती जागेवर राहते. मेण होतं ते उजेडाचे दाणे त्याच कडकपणे पुसल्यामुळे.

म्हणून हे दोन रोग वेगळे आणि त्यांची औषधंही वेगळी. लाइटरूमच्या Detail पॅनेलमध्ये Luminance आणि Color हे दोन स्लायडर म्हणूनच स्वतंत्र असतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ही विभागणी आहे. नवशिके बहुधा वरचा Luminance आधी ओढतात, कारण तो वर आहे. ओढायचा असतो खालचा.

आता आजींचा फोटो घेऊ. फाइल रॉ असावी. कॅमेऱ्याने करून दिलेल्या जेपीईजीत त्याने स्वतःची सफाई आधीच केलेली असते आणि दाबणीत दाण्यांच्या गुठळ्या झालेल्या असतात, त्यावर पुढे फारसं काही करता येत नाही. पहिलं काम व्हाइट बॅलन्सचं. ज्योतीचा पिवळेपणा पूर्ण काढायला तापमान 2000 पर्यंत खाली नेलं तर निळा अंगावर येतो. तेच 2700 ते 3000 च्या दरम्यान ठेवलं तर चेहरा उबदार राहतो, जो पणतीच्या उजेडात तसाच दिसायला हवा, आणि निळ्याचा गुणाकार बराच खाली येतो. एवढ्या एका निर्णयाने ठिपक्यांचा जोर दिसण्याइतका उतरतो, तेही एकही दाणा न पुसता.

दुसरी गोष्ट सावल्यांची. आजींच्या मागे पायऱ्या आहेत, माणसं आहेत, अंधार आहे. तो उजळायचा मोह होतो. पण सावली दोन स्टॉप वर उचलली की त्या भागापुरता फोटो 12800 चा न राहता जणू 51200 चा होतो. गालाची अंधारी बाजूही त्यातच येते. तिथे थोडी काळोखी राहिली तर चेहऱ्याला गोलाई येते. उजळली तर डाग येतात.

मग रंगाचा आवाज. फोटो 100 टक्के आकारात उघडून Color हा स्लायडर नेहमीच्या 25 वरून हळूहळू 45-50 पर्यंत न्यावा. ठिपके विरघळताना दिसतात. सुटे ठिपके गेले तरी साडीच्या घड्यांत आणि गळ्याखालच्या सावलीत हिरवे-जांभळे मोठे ढग उरतात. ते डझनावारी पिक्सेल रुंद असतात, त्यांच्यासाठी Smoothness 75-80 पर्यंत वाढवावा लागतो. थांबायचं कुठे, याची कसोटी आजींच्या कपाळावरच आहे. कुंकवाची कड पाहावी. रंगाची सफाई जास्त झाली की कुंकू कडेला फिकट पडतं आणि त्याची लाली भोवतालच्या कातडीत ओघळल्यासारखी दिसते. नथीतला लाल खडा राखाडी होतो, हिरव्या चुड्याचा रंग मनगटाला लागतो. असं दिसलं की Color खालचा Detail 50 वरून 60-65 करावा. बारीक रंगीत कडा तो सांभाळतो, फार वाढवला तर मात्र ठिपके परत आणतो.

कुंकवाइतकीच एक बारीक खूण गालावर असते, ती सहसा पाहिली जात नाही. जिवंत चेहरा एका रंगाचा नसतो. नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी जरा लालसर, डोळ्यांखाली काळपट, कपाळ थोडं पिवळट. रंग अतिरेकाने सपाट केला की हे फरक पुसले जातात आणि पोत जागेवर असूनही चेहरा रंगवलेला वाटतो. मेणकटपणाचं हे दुसरं कारण. तिसरं त्याहून फसवं: ज्योतीच्या उजेडात लाल वाहिनी सगळ्यात आधी भरून वाहते. गालाच्या उंचवट्यावर लाल फुटला असेल तर तिथे लालचा तपशीलच नाही, नुसता पिवळा चट्टा आहे. दाण्यांशी त्याचा काही संबंध नसतो, आणि आवाज कमी करणारा स्लायडर शून्यावर आणला तरी तो चट्टा मेणासारखाच दिसतो. त्यावर इलाज फोटो काढतानाच: कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम लावावेत आणि लालचा डोंगर उजव्या भिंतीला टेकत नाही ना, एवढं पाहावं.

आता उजेडाचे दाणे, आणि खरी अडचण. 24 मेगापिक्सेलच्या फोटोत आजींचा चेहरा उभ्याने दीड हजार पिक्सेल भरत असेल, तर एका पिक्सेलच्या वाट्याला कातडीचा जेमतेम पाव मिलिमीटरचा तुकडा, किंबहुना त्याहूनही कमी, येतो. रोमछिद्र एवढंच असतं. म्हणजे रोमछिद्र एक-दोन पिक्सेलचं आणि दाणाही एक-दोन पिक्सेलचा. छिद्रामुळे उजेडात पडणारा फरक काही टक्क्यांचा, आणि दाण्यांचा चढउतार दहा टक्क्यांचा. गणित उघड आहे: आयएसओ 12800 वर, पणतीच्या उजेडात, आजींच्या गालावरची रोमछिद्रं फोटोत उमटलेलीच नाहीत. त्यांना वाचवण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही फोटो पाहणाऱ्याला गाल खरा वाटतो, कारण डोळा त्या बारीक दाण्यांनाच कातडीचा पोत समजतो. गंमत अशी की जे घालवायला निघालो, त्याच्याच जोरावर चेहरा जिवंत दिसत असतो. दाणे शून्यावर आणले की खाली लपलेली रोमछिद्रं वर येत नाहीत. खाली काही नसतंच. वर येतो तो नुसता गुळगुळीत उतार. आणि हल्लीची सॉफ्टवेअर कडा ओळखून त्या राखतात, म्हणून पापण्या व भुवया तेवढ्या धारदार राहतात आणि गाल त्यांच्या शेजारी आणखीच निर्जीव दिसतो.

सुरकुत्यांचं तसं नाही. त्या चार-सहा पिक्सेल रुंद आणि लांबच लांब असतात, खालून येणाऱ्या उजेडात त्यांची सावलीही गडद पडते, त्यामुळे आवाजातून त्या सहज वर राहतात. सांभाळायच्या आहेत त्या सुरकुत्या. म्हणून चेहऱ्यासाठी Luminance 15 ते 20 वर थांबावा आणि त्याच्या खालचा Detail 60-70 वर ठेवावा. आकडे कॅमेऱ्यागणिक बदलतील. पाहायचं एवढंच की डोळ्यांच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या बारीक रेषा तुटत किंवा वितळत नाहीत. बघताना Alt हे बटण दाबून ठेवून Luminance सरकवला की चित्र कृष्णधवल होतं आणि रंगाचा गोंधळ मध्ये न येता फक्त दाणे दिसतात. गाल आणि कपाळ यांच्या मध्ये, कानशिलापाशी, कातडीचा पोत सगळ्यात आधी मरतो. नजर तिथे ठेवावी.

मागचा अंधार मात्र एवढ्याने स्वच्छ होत नाही. तिथे तपशील नाहीच, म्हणून तिथे हात सैल सोडता येतो. ब्रशने चेहरा, हात आणि साडीचा काठ सोडून बाकीच्या भागावर मास्क काढावा आणि त्या मास्कमधला Noise हा स्लायडर 30-40 वर न्यावा. मास्कची कड मऊ हवी. ती कानाजवळ कातरल्यासारखी असेल तर केसांच्या बटा अर्ध्या रवाळ आणि अर्ध्या लोणी फासल्यासारख्या दिसतात.

धार आणण्याचं काम या सगळ्याच्या नंतर. लाइटरूम रॉ फाइलला आपण होऊन 40 इतकं Sharpening देतं, आणि त्याला दाणा कोणता व पापणी कोणती हे कळत नाही. दोन्हींना तो टोकदार करतो. Masking हा स्लायडर Alt दाबून सरकवला की पडदा काळा-पांढरा होतो: पांढरा भाग धारदार होणार, काळा सुटणार. 70-80 च्या आसपास गाल काळे पडतात आणि डोळे, नथ, पदराचा काठ तेवढे पांढऱ्या रेषांत उरतात. तिथे सोडावा. बरेचदा लोक Luminance वाढवत जातात, कारण Sharpening दुसऱ्या बाजूने दाणे उभे करत असतं आणि या रस्सीखेचीत गाल मरतो.

आता चेहरा थोडा रवाळ आणि मागचा अंधार गुळगुळीत, अशी दोन वेगळ्या फोटोंतून जोडल्यासारखी विसंगती दिसते. तिच्यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: थोडे दाणे परत घालायचे. Effects मधला Grain 10 ते 15 वर, Size 20-25. हे दाणे एकरंगी असतात, रंगीत ठिपक्यांसारखे नाहीत, आणि सगळ्या चित्रावर सारखे पसरतात. फिल्मच्या काळात कोडॅक ट्राय-एक्स ही 400 ची फिल्म लोक मुद्दाम 1600 ला वापरायचे आणि तिचे ठळक दाणे फोटोचं चरित्र मानले जायचे. एकरंगी दाणा डोळ्याला खटकत नाही, हे तेव्हापासून ठाऊक आहे. दाण्यांचा आणखी एक फायदा आहे: अगदी गुळगुळीत केलेलं काळं आकाश जेपीईजीत साठवलं की त्यात फिकट-गडद पट्टे पडतात, थोडा रवा असेल तर ते पडत नाहीत, निदान दिसत नाहीत.

यातला कुठलाही आकडा ठरवण्याआधी फोटो शेवटी कुठे दिसणार ते विचारायला हवं. 6000 पिक्सेल रुंदीचा फोटो मोबाइलसाठी 1600 वर आणला की जवळपास चौदा पिक्सेलचा एक होतो आणि दाण्यांचा चढउतार सरासरीत पावणेचार पटींनी उतरतो. 8 बाय 12 इंचाच्या प्रिंटला 3600 पिक्सेल पुरतात. तिथेही आवाज दीडपटीहून अधिक कमी होतो, आणि कागद उरलेला बराचसा गिळतो. 200 टक्क्यांवर मोठं करून दाणे पुसणारा माणूस जे घालवतो, ते पाहणाऱ्याला कधी दिसणारच नव्हतं. त्याला दिसतो फक्त मेणाचा गाल. म्हणून 100 टक्क्यांवर काम करावं आणि अधूनमधून शेवटच्या आकारात पाहत राहावं.

काही फोटोंना हे सगळं करूनही दाद लागत नाही. पणती विझत आलेली, चेहरा दोन स्टॉप अंधारा, निळ्यात काहीच उरलेलं नाही; रंग नीट होतच नाही. तेव्हा रंगाचा नाद सोडून कृष्णधवल करणं शहाणपणाचं, कारण मग निळ्याची गरजच संपते. पण नुसता स्वच्छ लाल घ्यावा ही सूचना मात्र अर्धी खरी आहे. लाल प्रकाश कातडीत आतवर शिरून पसरून बाहेर येतो, त्यामुळे लालमध्ये डाग आणि पोत दोन्ही पुसट होतात आणि आजी पुन्हा गुळगुळीत. पोत असतो हिरव्यात. फोटोशॉपच्या Channel Mixer मध्ये Monochrome निवडून लाल 50, हिरवा 50 आणि निळा 0 असं ठेवलं, तर लालची स्वच्छता आणि हिरव्यातल्या सुरकुत्या दोन्ही मिळतात. दाणे फार वाटले तर हिरवा 40 वर आणून लाल 60 करावा. त्याहून खाली हिरवा नेला की डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या रेषा विरायला लागतात.